उकडीचे मोदक घ्यायचे की तळणीचे? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

गणपतीची ऑर्डर घेणं सुरू केलंय. फोनवर पहिला प्रश्न हमखास हाच येतो, म्हणून दोन्हींचं इथेच सांगते.

उकडीचे मोदक कमीत कमी 11 घ्यावे लागतील, पुढे 21, 31 असे. एक वाटी पिठीच्या उकडीत माझे साधारण 11 मोदक होतात. उकड गरम असतानाच मळून पाकळ्या काढाव्या लागतात. गार झाली की कडा चिरतात. म्हणून पाच-सहा मोदकांसाठी वेगळी उकड काढत नाही. हे मोदक फक्त चतुर्थीच्या सकाळीच मिळतील: 9 ते 10 किंवा 10:30 ते 11:30. वेळ आधी ठरवा आणि तेव्हाच या, कारण तुमच्या वेळेच्या हिशोबानेच मोदकपात्र चढवते.

हे त्याच दिवशी संपवायचे. आत ओला नारळ असतो, तो दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबू शकतो. आंबूस वास आला किंवा सारण चिकट, तार सुटल्यासारखं लागलं तर खाऊ नका. घरी नेल्यावर डब्याचं झाकण किलकिलं ठेवा. घट्ट लावलं तर वाफेचं पाणी मोदकांवर पडून ते एकमेकांना चिकटतात. उरलेच तर लगेच फ्रिजमध्ये ठेवा. पारी कडक होईल, पण दुसऱ्या दिवशी हळदीच्या पानावर पाच-सात मिनिटं वाफवली की पुन्हा मऊ होते. मायक्रोवेव्हमध्ये मात्र ती चिवट होते.

तळणीचे मोदक कमीत कमी 21. ते आदल्या दिवशी संध्याकाळी 5 ते 8 मध्ये कधीही न्या. सारण भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं, खसखस आणि पिठीसाखरेचं. त्यात ओलावा नाही, म्हणून हवाबंद डब्यात आठ-दहा दिवस टिकतात. ओल्या नारळाचं सारण भरून तळून द्या असं कुणी कुणी सांगतं, पण मी ते करत नाही. त्यातला ओलावा पारीत उतरतो आणि दुसऱ्या दिवशी मोदक मऊ पडतो. पूर्ण गार झाल्याशिवाय यांचाही डबा बंद करू नका.

ठरवताना नैवेद्याची वेळ आणि माणसं बघा. समजा, नैवेद्य दुपारी 12 ला आहे, जेवायला घरचे सात जण आणि संध्याकाळच्या आरतीला तीस माणसं येणार. तर 10:30 च्या वेळेत 21 उकडीचे घ्या, आणि आरतीच्या प्रसादाला आदल्या दिवशीच 42 तळणीचे. तीसही जणांना उकडीचेच द्यायचा मोह होतो, पण सकाळचा मोदक रात्री 8 वाजता वाढावा असा राहत नाही. गावी किंवा परदेशी पाठवायचे असतील तर तळणीचेच.

चतुर्थीच्या चार दिवस आधी ऑर्डर बंद करते. नारळ आणि आंबेमोहराची पिठी त्या आकड्यावरच आणते. नाव, प्रकार, संख्या आणि वेळ मेसेजमध्ये लिहून पाठवा.