कथागीतात यमक किती घट्ट हवं? जोडयमक की स्वरसाम्य

पोवाडा किंवा लांबलचक कथागीत लिहायला घेतलं की पहिल्या चार-पाच कडव्यांत सगळं छान जमतं. दोन ओळी, एक यमक; पुन्हा दोन ओळी, पुन्हा यमक. दहाव्या कडव्याच्या आसपास ऐकणाऱ्याला पुढचा शब्द आधीच कळू लागतो आणि गोष्टीवरची पकड सुटते. अशा वेळी दोन मार्ग समोर असतात. एक, जोडयमक तसंच ठेवून शब्द अधिक कसून शोधायचे. दुसरा, यमक सैल करायचं, म्हणजे शेवटचं व्यंजन नेमकं जुळवण्याऐवजी जवळचं घ्यायचं किंवा फक्त स्वर जुळवायचे. कोणता मार्ग घ्यावा, हे सगळ्यांच्या माहितीतल्या गोष्टीवर, रायगडच्या हिरकणीच्या दंतकथेवर, दोन्ही पद्धतींनी कडवी रचून पाहू.

आधी जोडयमक. सोळा मात्रांच्या ओळी, आठावर यती, म्हणजे छोटा थांबा.

‘सूर्य बुडाला, तोफ वाजली’ ही सुरुवात बहुतेकांना सुचते. ती अशी पुढे सरकते:

सूर्य बुडाला, तोफ वाजली
दारे सारी बंद जाहली
गवळण पुरती वेडी झाली
कड्याकडे ती धावत गेली

चाल लावली तर हे म्हणता येतं, लगेच पाठ होतं, आणि मागे सूर धरणाऱ्या झिलकऱ्यांना ओळ कुठे संपते ते न सांगता कळतं. पण चारही ओळींत जुळतंय काय, तर फक्त ‘ली’. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि क्रियापदाचा प्रत्यय कर्त्याच्या किंवा कर्माच्या लिंगाप्रमाणे ठरतो. त्यामुळे नायिका स्त्री असली की ‘ली’, नायक पुरुष असला की ‘ला’ अशी यमकं फुकट मिळतात. ती कवीने शोधलेली नसतात, व्याकरणाने दिलेली असतात, आणि कानाला ते बरोबर जाणवतं. मराठी जोडयमक शिळं होण्याचं माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. यमक जुनं झालं म्हणून कंटाळा येत नाही. प्रत्यय परत परत आपटतो म्हणून येतो.

दुसरं नुकसान तिसऱ्या ओळीत दिसतं. ‘पुरती वेडी झाली’ हे हिरकणीबद्दल काहीच सांगत नाही. ओळ भरायची होती, ‘ली’ हवा होता, म्हणून ती वेडी झाली.

जोडयमकाची बाजू नीट मांडायची तर त्याचं चांगलं रूपही पाहायला हवं:

काळा कातळ, निसटे पाय
घरी तान्हुले, एकच माय

इथे क्रियापद शेवटी नाही. ‘पाय’ आणि ‘माय’ ही दोन नामं आहेत आणि त्यांच्यात गोष्टीतलं नातं आहे: जो पाय निसटतो, तो आईचा आहे. असं यमक कमावलेलं असतं. त्याची अडचण एकच, की ‘पाय’ कानावर पडताच श्रोता मनात ‘माय’ म्हणून मोकळा होतो. ही अडचण कायमची वाईटही नाही, त्याकडे पुढे येतो.

आता तीच गोष्ट स्वरसाम्याने. इथे चार ओळींचं कडवं घेतलं आहे आणि फक्त दुसरी व चौथी ओळ जुळवली आहे:

डोईवरची चरवी हलकी,
तोफ वाजली, मिटली वाट;
घरी तान्हुले, निजले नसेल,
पदर भिजे अन् अडते हाक.

काळा कातळ, ओली गवते,
बोटांखाली निसटे माती;
खाली दिसतो एकच ठिपका,
दिवा तिचा तो, थांबत नाही.

पहिला फरक यमकाचा नाही, शब्दांचा आहे. चरवी हलकी आहे, म्हणजे दूध विकून झालंय. पदर भिजतोय, म्हणजे पान्हा आलाय. ‘वाट’ला नेमकं यमक शोधलं असतं तर लाट, पाट, थाट, घाट असे मोजके शब्द हाती होते, आणि त्यांपैकी एकालाही या क्षणी गोष्टीत जागा नाही. अट फक्त ‘आ’ स्वराची ठेवली म्हणून ‘हाक’ आली, आणि अडलेली हाक हाच त्या प्रसंगाचा गाभा आहे.

दोन्ही कडव्यांतली जुळणी मात्र सारख्या ताकदीची नाही. ‘माती’ आणि ‘नाही’ यांत दोन स्वर ओळीने जुळतात, आ आणि ई, आणि दोन्ही दीर्घ आहेत. गाताना दीर्घ स्वरच लांबतो, मधला ‘त’ किंवा ‘ह’ क्षणात सरतो, त्यामुळे कानाला ही जोडी जवळजवळ यमकासारखी लागते. ‘वाट’ आणि ‘हाक’ यांत एकच स्वर जुळतो. संथ चालीत शेवटचा ‘अ’ही थोडा उच्चारला जातो, पण तो दुबळा असतो. तरी ही जोडी निभावते, कारण ट आणि क दोन्ही अघोष स्पर्शव्यंजनं आहेत, दोन्हींवर आवाज झटकन बंद होतो. ‘वाट’पुढे ‘माळ’ आला असता तर तोच ‘आ’ असूनही जुळणी निसटली असती.

यातून कामाचा नियम मिळतो. शब्द आकारान्त, ईकारान्त, ओकारान्त असेल तर नुसतं स्वरसाम्य पुरतं. शब्द व्यंजनावर संपल्यासारखा ऐकू येत असेल तर व्यंजनही शेजारचं हवं. शेजार म्हणजे आपल्या वर्णमालेतलाच शेजार: एका वर्गातली अक्षरं, म्हणजे वाट आणि काठ, अनुनासिकं, म्हणजे पान आणि घाम, किंवा र-ल-ळ, म्हणजे घार आणि काळ. सैल यमक म्हणतात ते हेच. गझल लिहिणाऱ्यांना स्वरकाफिया ठाऊक असतो, त्यांना हा भाग नवा वाटणार नाही.

कथागीताची परंपरा या बाबतीत आपण समजतो तेवढी कडक नाही. स्पेनमधल्या ‘रोमान्से’ या जुन्या कथागीतांत आठ अक्षरांच्या ओळी असतात, सम ओळींच्या शेवटी फक्त स्वर जुळतात, आणि सहसा तीच स्वरजोडी अख्ख्या गाण्यात चालते. विषम ओळी मोकळ्या. इंग्लंड-स्कॉटलंडच्या लोकगाथांतही चार ओळींपैकी दुसरी आणि चौथीच जुळवायची रीत आहे, आणि ती जुळणी पुष्कळदा ओबडधोबड असते. फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा 305 गाथा संकलित केल्या. तोंडी गायल्या जाणाऱ्या गाण्यांना पक्कं यमक लागत नाही, पुरेसं यमक लागतं, हे त्यांतून स्पष्ट दिसतं. आपल्याकडे ग्रंथातल्या ओवीत तीन चरण जुळतात आणि चौथा मोकळा सुटतो. तो मोकळा चरण कथेला श्वास देतो, नुसत्या जोड्यांनी तो मिळत नाही.

मग स्वरसाम्य कुठे फसतं? मुख्यतः चालीत. ओळीचा शेवट लांब सुरावर येत असेल तर स्वर ऐकू येतो. पण डफाच्या ठोक्यावर शब्द तोडून टाकणारी, जोशाची चाल असेल तर स्वराला लांबायला जागाच मिळत नाही. तिथे ‘वाट–हाक’ चूक वाटते आणि ‘पाय–माय’ टाळी घेतं. म्हणून चाल ठरण्याआधी यमकाचा निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. द्रुत, ठोकेबाज चाल असेल तर जोडयमकाकडे जा. संथ, ओढलेली चाल असेल तर स्वरसाम्य खुशाल वापरा.

दुसरी फसगत मिसळीची. पहिली तीन कडवी पक्क्या यमकात आणि चौथं एकदम सैल असेल तर श्रोत्याला वाटतं कवीला शब्द सापडला नाही. सैल जुळणी पहिल्याच कडव्यात कानावर घालावी लागते, म्हणजे तो या गाण्याचा नियम आहे हे कळतं. अंतराचंही भान ठेवा. सोळा मात्रांच्या ओळींत एक ओळ सोडून आलेला स्वर लक्षात राहतो. ओळी लांब असतील, किंवा दोन-तीन ओळी मध्ये गेल्या असतील, तर नुसता स्वर तिथवर टिकत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. चालीवर शब्द न म्हणता फक्त स्वर म्हणा: ‘निसटे माती’ऐवजी ‘इ-अ-ए आ-ई’. मग कडवं न वाचलेल्या माणसाला ऐकवा आणि जोडी कुठे लागली ते विचारा. त्याने दुसरी आणि चौथी ओळ सांगितली तर जुळणी कानात आहे. नाही सांगितली तर ती फक्त कागदावर आहे. आणि उलटही होतं: कागदावर चूक दिसणारी जोडी कानाला पक्की लागते. गाणं छापून स्पर्धेला पाठवायचं असेल तर हे लक्षात घ्या, कारण परीक्षक डोळ्यांनी वाचणार आहे.

पाठांतराच्या बाबतीत जोडयमक पुढे आहे, यात वाद नाही. लहान मुलांनी म्हणायचं गाणं असेल, किंवा साथीदार ऐनवेळी उभे राहणार असतील, तर जोडयमकच घ्या. फक्त क्रियापद शेवटी टाकू नका. ‘वाजली तोफ’, ‘धावते माय’ अशी उलटी रचना पोवाड्याला मुळीच परकी नाही, आणि तेवढ्याने अर्धा शिळेपणा जातो.

वीसेक कडव्यांची गोष्ट एकच जण सांगणार असेल तर मात्र मी सम ओळींत स्वरसाम्य ठेवेन आणि पक्कं यमक चौकाच्या, म्हणजे पोवाड्यातल्या एका भागाच्या, शेवटासाठी राखून ठेवेन. हिरकणी खाली पोचते तिथे:

पायथ्यास मग लागे पाय
कड्यापुढे ना हरली माय

‘पाय’नंतर ‘माय’ येणार हे श्रोत्याला आधी कळतं, ही मघाची अडचण इथे फायद्याची होते. इतकी कडवी कानाला अर्धवट जुळणी मिळत आली आहे, आता पहिल्यांदा पूर्ण मिळते, आणि तो शब्द साऱ्यांच्या तोंडी एकदम येतो. त्यावर झिलकऱ्यांनी ‘जी जी र जी’ उचललं की दुसरा चौक पुन्हा सैल जुळणीने सुरू करता येतो.