मिक्सरच्या भांड्यातला लसणाचा वास आणि धुरकट पाती: काही महिन्यांच्या वापरानंतर

आधीच सांगते, यात कुठलीही महागडी वस्तू विकत घ्यायची नाही. खायचा सोडा, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळणारं सायट्रिक अ‍ॅसिड, बाटल्या धुवायचा बारीक ब्रश आणि झाकणाचं एक जादा रबर, एवढंच सामान. पावसाळ्याच्या तोंडावर हे सुरू केलं, आता थंडी पडायला लागली तरी चालू आहे. वास खरोखर जातो आणि पातीही उजळतात. मात्र वास नेमका कुठे बसलाय आणि पातीवरचा धुरकटपणा कसला आहे, हे आधी ओळखावं लागतं. ते न ओळखता भांडं घासत बसलं तर फक्त हात दुखतात.

आमचं घर फोंड्याचं. मिक्सर रोज चालतो: सकाळी चटणी, दुपारी हुमणाचं म्हणजे माशाच्या कालवणाचं वाटण आणि मधूनच रेशादाचा मसाला. रेशाद म्हणजे सुक्या मिरच्या, भरपूर लसूण, मिरी, जिरं आणि व्हिनेगर. वास धरून ठेवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. आणि त्याच घरात सोमवारी शिवराक म्हणजे शाकाहारी जेवण असतं, गणेश चवथीला खतखत्यात लसणाचा स्पर्शही चालत नाही. नेवऱ्यांसाठी खोबरं फिरवायचं तर भांडं स्वच्छ हवं, नुसतं दिसायला नव्हे, वासालाही. वेगळा मिक्सर ठेवणं सगळ्यांना जमत नाही, म्हणून मी या गोष्टीच्या मागे लागले.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट पहिल्यांदा सांगते. लसणाचा वास स्टीलमध्ये मुरत नाही. लसूण वाटल्यावर गंधकाची जी द्रव्यं तयार होतात ती तेलात सहज विरघळतात, पाण्यात फारशी नाहीत. आपल्याकडे वाटणात खोबरं असतंच, आणि खोबऱ्याचं तेल ही द्रव्यं घेऊन दोन जागी जाऊन बसतं. एक जागा झाकणाच्या आतल्या रबरात आणि दुसरी पात्याच्या खाली, जिथे बोट पोचत नाही. भांड्याच्या भिंती तुम्ही कितीही चकचकीत करा, या दोन जागा राहिल्या तर दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्याबरोबर तोच वास.

खात्री करायची असेल तर धुतलेलं भांडं पूर्ण सुकवा. रबर काढून एका डब्यात बंद करा आणि भांडं ताटलीने झाकून ठेवा. सकाळी दोन्ही वेगवेगळे हुंगून पाहा. आमच्याकडे वास बहुतेक वेळा रबरालाच असायचा. भांड्याला असलाच तर पात्याच्या बुडाशी राखाडी चिकट थर सापडायचा.

आता माझी पद्धत. वाटण काढून घेतलं की लगेच अर्धी वाटी साधं पाणी घालून दोन-तीन झटके द्यायचे. ते पाणी हुमणात जातं, वाया जात नाही. इथे गरम पाणी वापरायचं नाही, कारण खोबऱ्यातली आणि डाळीतली प्रथिनं गरम पाण्याने थिजून चिकटतात. मग भांडं पावपर्यंत भरेल इतकं कोमट पाणी, हाताला सोसेल एवढंच, आणि भांडी धुवायच्या द्रवाचा एक थेंब. झाकण लावून पाच-सहा झटके. जास्त द्रव घातला तर फेस झाकणातून बाहेर येतो. उकळतं पाणी घालून बंद भांडं फिरवू नका, आत वाफ कोंडली की झाकण उडतं आणि हात भाजतो.

खोबरेल साधारण 24 ते 25 अंशांच्या खाली थिजतं. आपल्याकडे वर्षाचे बरेच महिने ते पातळच असतं, म्हणून साध्या पाण्यानेही भांडं स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मात्र तेच तेल पात्यावर पांढुरक्या सायीसारखं बसतं. त्या दिवसांत कोमट पाण्याचा टप्पा अजिबात गाळू नये.

यानंतर ब्रश. भांडं मिक्सरवरून काढूनच हा उद्योग करायचा. ब्रश पात्याच्या खाली तिरका घालून गोल फिरवला की पहिल्या वेळी इतकं निघतं की विश्वास बसत नाही. खालच्या बाजूला कपलरभोवतीही एक हात फिरवते.

रबरासाठी पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा, अर्धा तास. मग द्रवाने चोळून धुवायचं आणि खाचेत परत न बसवता उघड्यावर सुकू द्यायचं. हे उघडं राहणं सोड्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण मुरलेली द्रव्यं हळूहळू हवेत उडून जातात. उन्हात तासभर ठेवलं तर काम लवकर होतं, पण रोज दिवसभर उन्हात टाकलं तर रबर कडक होऊन चिरा पडतात. जुलै-ऑगस्टात ऊन कुठलं, तेव्हा पंख्याखाली रात्रभर ठेवायचं. पावसाळ्यात भांडं झाकण लावून कपाटात ठेवलं की लसणाच्या वासात कुबट वासाचीही भर पडते. म्हणून भांडं पालथं आणि झाकण वेगळं, हा आमच्याकडे आता नेमच झालाय.

तरीही जुनं रबर पूर्ण निर्मळ होत नाही. रेशाद वाटून वाटून लालसर झालेलं रबर सोड्यातून काढलं की दोन दिवस बरं वाटतं, मग कोमट काही वाटलं की पुन्हा दरवळतं. त्यावर एकच इलाज उपयोगी पडला, तो म्हणजे दुसरं रबर. स्पेअर पार्टच्या दुकानात आपलं झाकण नेऊन मापाचं घ्यावं, नुसतं अंदाजाने घेतलेलं गळतं. एक रबर रोजचं आणि एक शिवराक स्वयंपाकाचं. यंदा चवथीच्या आदल्या दिवशी भांडं वरच्या पद्धतीने धुतलं आणि कोरडं झाल्यावर दोन चमचे तांदूळ फिरवले. पात्याखाली उरलेलं तेल तांदळाच्या पिठाने ओढून घेतलं. ते पीठ टाकलं, ब्रशने भांडं धुतलं आणि नवं रबर बसवलं. मग मूठभर ओलं खोबरं वाटून चाखलं. ही परीक्षा सगळ्यात कडक, कारण खोबऱ्याची चरबी उरलासुरला वास चटकन उचलते. चवीला नुसतं खोबरं लागलं, तेव्हाच नैवेद्याच्या वाटणाला हात घातला.

लिंबाच्या साली फिरवा असं बरेच जण सांगतात. मीही फिरवल्या. साल थोडं तेल सोडवते खरी, पण तिचा स्वतःचा वास वर बसतो आणि सालीचे तुकडे पात्याखाली अडकतात. रोज आंबटच वाटायचं असेल तर चालेल, गोडाच्या कामाला नाही.

आता पात्यांकडे येते. धुरकटपणा दोन तऱ्हेचा असतो आणि दोन्हींचे उपाय उलटे आहेत. हे मला नणंदेकडे नीट समजलं. तिचं घर बार्देशात समुद्राजवळ, पाणी विहिरीचं. "वहिनी, साबणाने कितीही धुतलं तरी पाती पांढरी ती पांढरीच," असं ती म्हणाली. आमच्याकडे नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी येतं आणि आमची पाती साबणाने उजळत होती, म्हणून तिचं भांडं हातात घेऊन पाहिलं. पाती ओली असताना स्वच्छ दिसत होती आणि सुकली की पांढरी व्हायची. काडीने खरवडलं तर भुकटी निघाली. म्हणजे तो क्षार होता. आमच्या पातीवर मात्र पाण्याचे थेंब गोळा होऊन उभे राहायचे आणि काडी बुळबुळीत फिरायची, म्हणजे ती चरबी होती.

चरबीला साबण आणि सोडा लागतो, क्षाराला आंबट लागतं. दोन्ही असतील तर आधी चरबी काढायची, कारण तेलकट थरावर आंबट पाणी टेकतच नाही. नणंदेच्या भांड्यात पाती बुडतील इतकं कोमट पाणी घातलं आणि दर पेल्याला एक छोटा चमचा लिंबूफूल विरघळवलं. बारीक बुडबुडे दिसले, तेव्हा निदान बरोबर असल्याची खात्री पटली. वीस मिनिटांनी ब्रश फिरवून पाणी ओतलं, भांडं दोनदा धुतलं आणि लगेच फडक्याने टिपलं. पातीवरचा बहुतेक थर गेला, कडेच्या वळणात राहिला तो पुढच्या वेळी निघाला. आता ती महिन्यातून एकदा हे करते आणि रोज भांडं पुसून ठेवते. विहिरीचं पाणी पातीवरच सुकू दिलं तर क्षार परत बसणारच.

सोडा आणि लिंबूफूल एकत्र घालू नये. फसफस होते ती पाहायला छान, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. लिंबूफूल संपलं असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन काम भागतं. आमटीतून काढलेली कोकमाची सोलं पातीवर चोळायची जुनी पद्धतही आंबटपणामुळे थोडी लागू पडते, पण त्यांचा लाल रंग रबराला लागतो, म्हणून रबर काढून ठेवावं.

या सगळ्याला न बधणारा तिसरा प्रकारही असतो. पातीवर तपकिरी किंवा काळे ठिपके असतील आणि दात कोरायची काडी तिथे अडकत असेल तर ते स्टील कुरतडलं गेलंय, ते घासून भरत नाही. मीठ आणि व्हिनेगर असलेला मसाला रात्रभर भांड्यात राहिला की असं होतं, क्लोरीनच्या ब्लीचनेही होतं. म्हणून वास घालवायला ब्लीच अजिबात नको आणि खडेमीठ फिरवून पाती घासणंही नको. तारेच्या घासणीने ओरखडे पडतात आणि त्यांत पुढची चटणी अडकते. पारदर्शक झाकणावरचा हळदीचा पिवळा डाग उन्हात फिका होतो, पण तेच झाकण उकळत्या सोड्यात टाकलं तर कायमचं धूसर होतं, म्हणून त्याला फक्त कोमट साबणपाणी.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. सगळं करूनही वास बुडातूनच येत असेल, भांडं कागदावर रात्रभर ठेवल्यावर काळपट ओला गोल उमटत असेल किंवा पांढऱ्या चटणीत करड्या रेषा दिसत असतील, तर पात्याच्या दांड्याचा बुश किंवा त्याचं सील गेलंय. वाटणाचं पाणी तिथे झिरपून सडतं. अशा भांड्यात काही वाटू नये, आधी दुरुस्तीला द्यावं. आमच्या चटणीच्या छोट्या भांड्याचं तेच झालं होतं. बुश बदलून आणल्यावर त्याचा वास पहिल्याच धुण्यात गेला.