हार्ड डिस्कला मोबाइलची साधी केबल, की तिची रुंद केबलच?

पोर्टेबल हार्ड डिस्कची ती दुहेरी रुंदीची केबल हरवली किंवा सैल झाली, की घरातली मोबाइलची जुनी मायक्रो यूएसबी केबल डोळ्यासमोर येते. ती बसते का? बसते. डिस्कचं सॉकेट नीट पाहिलं तर त्यात दोन कप्पे दिसतात, एक मोठा आणि एक लहान. मोठा कप्पा म्हणजे आपलं नेहमीचं मायक्रो यूएसबीच, तेच पाच संपर्क, तोच आकार. लहान कप्प्यात यूएसबी ३.० च्या वेगासाठीचे आणखी पाच आहेत. साधी पिन मोठ्या कप्प्यात बसते आणि लहान कप्पा मोकळा राहतो. उलटं मात्र जमत नाही. रुंद पिन साध्या मोबाइलमध्ये जाणार नाही.

म्हणजे प्रश्न बसण्याचा नाही, बसल्यावर काय होतं याचा आहे. मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत. सोलापुरात लग्नांचं आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचं चित्रीकरण करतो, त्यामुळे रात्री घरी आलं की कार्ड रिकामं करणं हे रोजचंच काम.

वेगाचा फरक सरळ आहे. साध्या केबलवर डिस्क यूएसबी २.० ने चालते आणि सेकंदाला साधारण ३५ एमबीच्या आसपास लिहिते. रुंद केबलवर तीच डिस्क ११० च्या आसपास जाते, त्यापुढे तिच्या फिरत्या तबकडीचीच मर्यादा येते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं भरलेलं ६४ जीबीचं कार्ड म्हणजे एकीकडे अर्धा तास आणि दुसरीकडे दहा मिनिटं. अर्थात तुमच्या लॅपटॉपला यूएसबी ३.० पोर्टच नसेल, तर रुंद केबल घेऊनही वेग वाढणार नाही. आणि महिन्यातून एकदा बिलांच्या पीडीएफ ठेवायच्या असतील तर कोणाला घाई आहे? तिथे साधी केबल पुरेशी आहे.

माझा निर्णय वेगावर झालाच नाही. साधी पिन सॉकेटच्या एकाच बाजूला धरलेली असते, दुसऱ्या बाजूला तिला काही आधार नसतो. माझ्या डिस्कवर ती बाजूला किंचित हलायची. लॅपटॉप जरा सरकवला, केबलला हात लागला, की कॉपी मध्येच थांबायची आणि डिस्क स्क्रीनवरून नाहीशी. पुन्हा जोडायचं, कुठली फाइल पूर्ण आली आणि कुठली अर्धवट राहिली ते तपासायचं. माझी डिस्क एक्सफॅटमध्ये आहे, कारण एडिटिंगवाल्याकडे मॅक आहे आणि माझ्याकडे विंडोज. एक्सफॅट जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंद, ठेवत नाही, त्यामुळे लिहिताना डिस्कची जोडणी तुटली तर फाइल, कधी अख्खा फोल्डरही, बिघडण्याची भीती जास्त. लग्नातले अंतरपाटाचे क्षण पुन्हा चित्रित करता येत नाहीत. ही धाकधूक मला रोज नको होती. तुमच्या डिस्कचं सॉकेट कदाचित जास्त घट्ट असेल, तर तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

दुसरी गोष्ट विजेची. यूएसबी २.० पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत असं ठरलेलं आहे, ३.० ने ९००. डिस्क सुरू होताना तबकडी फिरवायला सगळ्यात जास्त वीज लागते, आणि मोबाइलच्या लांब, बारीक तारेत व्होल्टेज पडतो. अशा वेळी डिस्क फिरू लागते, टक् आवाज करून थांबते, पुन्हा प्रयत्न करते. हा आवाज ऐकला की बरेच जण डिस्क गेली असं समजतात. आधी आखूड केबल लावून पाहा. दिवा लागतो, डिस्क व्यवस्थित फिरते, पण स्क्रीनवर काहीच येत नाही, असं असेल तर ती केबल बहुधा फक्त चार्जिंगची आहे. तिच्यात डेटाच्या तारा नसतातच.

तेव्हा साधी केबल मी बॅगेत अडचणीसाठी ठेवतो, तीही डेटा जाणारी आणि आखूड. रोजच्या कामाला रुंदच. नवी पेठेत दुकानात हार्ड डिस्कची केबल म्हणून मागितली की दाखवतात. घेताना लॅपटॉपकडच्या टोकात डोकावून पाहा: पुढे चार पट्ट्या आणि त्यांच्या मागे आणखी पाच दिसल्या पाहिजेत. नुसत्या निळ्या रंगावर जाऊ नका. एक फुटाच्या आसपासची घ्या, लांब घेऊन उपयोग नाही. घरी आल्यावर लिनक्स असेल तर

```
lsusb -t
```

चालवा. डिस्कच्या ओळीत 5000M दिसलं तर केबल पूर्ण काम करते आहे. 480M दिसलं तर पिन नीट आतपर्यंत बसली आहे का आणि पोर्ट ३.० चाच आहे का ते पाहा. दोन्ही ठीक असूनही आकडा तोच राहिला, तर केबल दुकानात परत न्या.