पेशी डिशमधून सोडवायच्या कशानं: ट्रिप्सिन, ईडीटीए की डिस्पेज?

एपिथेलियल पेशींचं कल्चर करणाऱ्याला हा निर्णय वरचेवर घ्यावा लागतो, आणि बहुतेक वेळा तो न घेताच पार पडतो. फ्रिजमध्ये ट्रिप्सिन-ईडीटीएची बाटली असते, तीच हाताला येते. पेशी नुसत्या पुढच्या फ्लास्कमध्ये टाकायच्या असतील तर त्यात काही वावगं नाही. पण उचललेल्या पेशींवर काही मोजायचं असेल, तर कोणता बंध तुटला आणि कोणता टिकला यावर उत्तर ठरतं.

डिशमधली पेशी दोन वेगळ्या यंत्रणांनी धरलेली असते. शेजारच्या पेशीला ती कॅडहेरिननं धरते. ई-कॅडहेरिनचे पाच भाग पेशीबाहेर एकापुढे एक असतात आणि प्रत्येक सांध्यात तीन कॅल्शियम आयन बसतात. ते असले की साखळी ताठ राहते आणि तिचं टोक समोरच्या कॅडहेरिनमध्ये अडकतं. कॅल्शियम काढलं की साखळी लुळी पडते, पकड सुटते. खालच्या मॅट्रिक्सला, म्हणजे फायब्रोनेक्टिन, कोलॅजन, लॅमिनिन यांच्या थराला, पेशी इंटिग्रिननं धरते. त्याची पकड बसते तिथे मुख्यतः मॅग्नेशियम लागतं. एकाची भिस्त कॅल्शियमवर, दुसऱ्याची मॅग्नेशियमवर. पुढची निवड बरीचशी या फरकावरच उभी आहे.

ईडीटीए आणि ईजीटीए

ईडीटीए दोन्ही आयन पकडतं, त्यामुळे दोन्ही बंध सैल होतात. प्रथिनं मात्र कापली जात नाहीत, हा त्याचा मोठा गुण. पेशीच्या पृष्ठभागावरचं कॅडहेरिन मोजायचं असेल तर मी पहिल्यांदा नुसतं ईडीटीएच वापरून पाहीन: कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसमध्ये २ ते ५ मिलिमोलर, ३७ अंशांवर १० ते २० मिनिटं, मग हलक्या हातानं पिपेटिंग.

ते फसतं ते बहुधा धुण्यात. डीएमईएममध्ये सुमारे १.८ मिलिमोलर कॅल्शियम असतं. समजा डिशच्या तळाशी अर्धा मिली मीडियम राहिलं आणि त्यावर ०.५ मिलिमोलर ईडीटीएचं अर्धा मिली द्रावण घातलं. मिश्रणात कॅल्शियम ०.९ आणि ईडीटीए ०.२५ मिलिमोलर होतं. ईडीटीएचा एक रेणू एकच आयन धरतो, म्हणजे ०.६५ मिलिमोलर कॅल्शियम मोकळंच राहिलं. एवढ्यावर कॅडहेरिन आरामात तग धरतं. मग माणूस ईडीटीए कुचकामी ठरवून ट्रिप्सिनकडे वळतो. खरं तर आधी दोनदा नीट धुवायला हवं होतं.

ईजीटीएचं काम वेगळं. ते कॅल्शियम घट्ट धरतं आणि मॅग्नेशियमला जवळजवळ हात लावत नाही. म्हणून दोन्ही बंध वेगळे करून दाखवायचे असतील तर ते हाताशी हवंच. डीएमईएममध्ये २.५ मिलिमोलर ईजीटीए घातलं की कॅल्शियम संपतं, पण मॅग्नेशियमचं ०.८ मिलिमोलर तसंच राहतं. १० ते ३० मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी पेशींमध्ये फटी दिसू लागतात, कडा आत ओढल्या जातात, पण पेशी तळाला चिकटलेल्याच असतात. एकदा तरी हे डोळ्यांनी पाहावं. कॅडहेरिन सुटलं आणि इंटिग्रिन धरून आहे, हे एकाच दृश्यात समोर येतं. पुन्हा कॅल्शियम दिलं की पेशी एकमेकींना धरू लागतात आणि काही तासांत कडा जुळतात. इथे एक सावधगिरी घ्यावी लागते. ईजीटीए कॅल्शियम धरताना हायड्रोजन आयन सोडतं, त्यामुळे मीडियम पिवळटतं. बफर पुरेसा नसेल तर जो परिणाम कॅल्शियमचा वाटतो तो काही अंशी आम्लाचा असू शकतो.

ट्रिप्सिन: कॅल्शियमसह की कॅल्शियमशिवाय

नेहमीची बाटली म्हणजे ०.२५ टक्के ट्रिप्सिन आणि सुमारे ०.५ मिलिमोलर ईडीटीए. ट्रिप्सिन मॅट्रिक्समधली प्रथिनं कापतं, त्यामुळे इंटिग्रिनला धरायला काही उरत नाही. ईडीटीए कॅल्शियम काढून घेतं, त्यामुळे लुळं पडलेलं कॅडहेरिनही ट्रिप्सिनच्या तावडीत सापडतं. पाचेक मिनिटांत सुट्या पेशी मिळतात, पण त्यांच्या अंगावरचं ई-कॅडहेरिन बरंचसं छाटलेलं असतं.

हे नवं ज्ञान नाही. जपानमधले मासातोशी ताकेइची यांनी १९७७ मध्ये दाखवलं की कॅल्शियम असताना ट्रिप्सिन दिलं तर पेशींची कॅल्शियमवर अवलंबून असलेली चिकटण्याची क्षमता वाचते, आणि कॅल्शियम काढून दिलं तर जाते. त्या चिकटण्यामागच्या रेणूला कॅडहेरिन हे नाव नंतर मिळालं. कॅल्शियमनं ताठ झालेल्या साखळीत ट्रिप्सिनला कापायची जागा सापडत नाही, इतकं साधं कारण त्यामागे आहे.

आता एक उदाहरण नीट पाहू. स्तनाच्या कर्करोगाच्या एपिथेलियल पेशी एखाद्या औषधासोबत वाढवल्या आहेत. नेहमीच्या ट्रिप्सिन-ईडीटीएनं दहा मिनिटं ठेवून सोडवल्या, फ्लो सायटोमेट्री केली, आणि ई-कॅडहेरिन जवळपास शून्य आलं. औषधामुळे पेशींनी एपिथेलियल रूप सोडलं, असा निष्कर्ष लगेच मोहात पाडतो. पण औषध न दिलेल्या पेशींचाही आकडा तितकाच खाली असेल, तर शंका बाटलीवर घ्यायला हवी. त्याच पेशी डिशमध्येच स्थिर करून रंगवल्या आणि कडेकडेनं ई-कॅडहेरिनची सलग रेघ दिसली, तर रेणू होता आणि तो उचलताना गेला. आणखी खात्री हवी असेल तर उचललेल्या पेशींना छिद्रं पाडून कॅडहेरिनच्या पेशीच्या आतल्या शेपटीला धरणारी अँटिबॉडी वापरावी. बाहेरच्या भागाची अँटिबॉडी रिकामी आणि शेपटीची भरलेली, असं दिसलं की छाटणी झाली हे ठरलं. वेस्टर्न ब्लॉटवरही १२० किलोडाल्टनचा नेहमीचा पट्टा फिका पडून शेपटीच्या अँटिबॉडीनं खाली लहान तुकडे दिसतात.

अशा वेळी उपाय दोन टप्प्यांचा. आधी ०.०१ टक्के ट्रिप्सिन, ईडीटीए अजिबात नाही, उलट १ ते २ मिलिमोलर कॅल्शियम. पेशी तळापासून सुटतात पण एकमेकींना धरून राहतात, म्हणून त्या पत्र्यासारख्या किंवा गठ्ठ्यांनी वर येतात. मग सोयाबीनचं ट्रिप्सिन-इनहिबिटर घालून एन्झाइम थांबवायचं आणि धुऊन टाकायचं. ते गेल्यावरच कॅल्शियम काढून पिपेटिंगनं पेशी सुट्या करायच्या. हा क्रम उलटला तर सगळे कष्ट वाया जातात, कारण कॅल्शियम गेलं तेव्हा ट्रिप्सिन शिल्लक असेल तर तेच होणार जे टाळायचं होतं. ही पद्धत वेळखाऊ आहे आणि सुट्या पेशी थोड्या कमी मिळतात. तरी कॅडहेरिनबद्दल काही सांगायचं असेल तर नुसत्या ईडीटीएनंतर मी हीच निवडीन.

डिस्पेज

पेशींचा अख्खा पत्रा हवा असेल तर डिस्पेजला तोड नाही. ते फायब्रोनेक्टिन आणि चौथ्या प्रकारचं कोलॅजन कापतं, म्हणजे इंटिग्रिनच्या पायाखालची जमीन काढतं, आणि पेशी-पेशींमधले सांधे बहुतांशी तसेच ठेवतं. कॅल्शियम असलेल्या द्रावणात ३७ अंशांवर अर्धा तास ठेवल्यावर त्वचेच्या केराटिनोसाइट पेशींचा थर कडेनं उलटू लागतो आणि मग सबंध सुटून तरंगतो. सुटला की तो लगेच आकसतो. शेजारी पेशी एकमेकींना सतत ओढत असतात, आणि खालची पकड गेल्यावर त्या ताणाला अडवणारं काही उरत नाही.

याच पत्र्यावर पेशींमधली पकड मोजता येते: ठरलेल्या वेळा पिपेट किंवा रॉकर चालवायचा आणि किती तुकडे झाले ते मोजायचे. पेम्फिगस या आजारातल्या, डेस्मोग्लीन-३ विरुद्धच्या अँटिबॉडी घातल्या की तुकडे वाढतात. डेस्मोग्लीनही कॅडहेरिनच्या कुळातलंच, पण ते डेस्मोसोममध्ये बसतं आणि आतून केराटिनच्या तंतूंना जोडलेलं असतं. पेम्फिगसच्या रुग्णाच्या त्वचेत हेच चित्र दिसतं. वरच्या पेशी एकमेकींपासून सुटतात, तर सर्वांत खालची रांग शेजारणींपासून काहीशी सुटूनही तळपडद्याला घट्ट उभी राहते, कारण तिथलं इंटिग्रिन आल्फा-६-बीटा-४ शाबूत असतं. बुलस पेम्फिगॉइडमध्ये उलट घडतं: हल्ला खालच्या हेमिडेस्मोसोमवर होतो आणि बाह्यत्वचा अख्खी उचलली जाते, जणू डिस्पेज दिल्यासारखी.

डिस्पेजच्या दोन खोडी ध्यानात ठेवाव्यात. ते धातूवर चालणारं एन्झाइम असल्यानं आधीच्या धुण्यातलं ईडीटीए उरलं तर ते मंदावतं आणि पत्रा सुटत नाही. आणि ट्रिप्सिनसारखं ते सीरमनं थांबत नाही. मीडियम घातलं म्हणजे झालं असं समजून ठेवलेला पत्रा पुढेही पचत राहतो, म्हणून ते धुऊनच काढावं लागतं.

तुकड्यांच्या मोजणीत कल्चरचं वयही बोलतं. पेशी दाटून भरल्यावर काही दिवसांत डेस्मोसोम कॅल्शियमशिवायही टिकू लागतात. दुसऱ्या दिवशी ईजीटीएनं सुटणारा थर आठवड्यानंतर सुटेलच असं नाही. एका गटाच्या पेशी दाट होऊन दोन दिवस झालेत आणि दुसऱ्याच्या सात, तर त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. जुना एपिथेलियल थर नुसत्या ईडीटीएला दाद देत नाही, त्याचंही हे एक कारण.

फक्त इंटिग्रिन सोडवायचं असेल तर

एन्झाइम नको आणि कॅल्शियमही हलवायचं नसेल, तर आरजीडी पेप्टाइड हा पर्याय आहे. फायब्रोनेक्टिनमधल्या याच तीन अमिनो आम्लांच्या तुकड्याला पेशी धरतात, हे पिअर्सबाखर आणि रुओस्लाहती यांनी १९८४ मध्ये दाखवलं. मोकळं पेप्टाइड इंटिग्रिनची जागा अडवतं आणि पेशी सुटतात. पण ही युक्ती फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन यांच्यावर बसलेल्या पेशींपुरती आहे. लॅमिनिनला धरणारे इंटिग्रिन या तुकड्यावर अवलंबून नसतात. जो एपिथेलियल थर स्वतःच आपल्या खाली लॅमिनिन घालून बसला आहे, त्याला आरजीडीनं काही होत नाही, आणि त्यावरून तिथे इंटिग्रिनचं काम नाही असं म्हणता येत नाही.

उचललेल्या पेशी पुन्हा एकत्र येतात का हे पाहायचं असेल, तर तीन नळ्या लावाव्यात: कॅल्शियमसह ट्रिप्सिन दिलेल्या पेशी कॅल्शियममध्ये, त्याच पेशी ईजीटीएमध्ये, आणि ट्रिप्सिन-ईडीटीएनं काढलेल्या पेशी कॅल्शियममध्ये. ३७ अंशांवर सावकाश हलवत ठेवलं की पहिल्या नळीत गठ्ठे दिसावेत, बाकी दोन्हींत पेशी सुट्याच राहाव्यात. दुसरीतही गठ्ठे झाले तर ती पकड कॅडहेरिनची नाही. बरेचदा मेलेल्या पेशींमधून सांडलेला डीएनए असतो, आणि थोडं डीएनेज घातलं की तो प्रकार थांबतो. तिसऱ्या नळीतल्या पेशी काही तास मीडियममध्ये ठेवल्या की नवं कॅडहेरिन पृष्ठभागावर येऊ लागतं, म्हणून तिची नोंद पहिल्या तासातच घ्यावी.