रिसर्च पेपरचं चिनी भाषांतर सिम्प्लिफाइड लिपीत करायचं की ट्रॅडिशनल लिपीत?

आधी सोपा भाग संपवते. जर्नल मेनलँड चायना, सिंगापूर किंवा मलेशियाचं असेल तर सिम्प्लिफाइड, तैवान किंवा हाँगकाँगचं असेल तर ट्रॅडिशनल. जुन्या हस्तलिखितांवरची, शिलालेखांवरची काही मेनलँडची प्रकाशनं मात्र ट्रॅडिशनलमध्येच छापतात, त्यामुळे जर्नलचे नियम एकदा वाचाच. पण खरा घोळ पुढे आहे, कारण बरेच जण म्हणतात की एकात करून घेऊ, दुसरं बटण दाबून होईल.

समजा तुमचा पेपर बेदाणे वाळवण्यावर आहे. बेदाणा सिम्प्लिफाइडमध्ये 葡萄干. यातलं शेवटचं 干 हे एकच अक्षर ट्रॅडिशनलमधल्या तीन वेगवेगळ्या अक्षरांची जागा घेतं, 乾 म्हणजे कोरडं, 幹 म्हणजे खोड, आणि 干 स्वतः. साध्या अक्षराला-अक्षर कन्व्हर्टरने चुकीचं उचललं तर बेदाण्याचं द्राक्षाचं खोड होतं! चांगली टूल्स आख्खा शब्द बघून हे पकडतात, त्यामुळे मला याची तेवढी भीती नाही.

भीती आहे ती 质量 ची (उच्चार साधारण जर्-ल्यांग). मेनलँडमध्ये याचा अर्थ क्वालिटी पण आणि वस्तुमान पण. तैवानमध्ये 質量 म्हणजे वस्तुमान, क्वालिटीला 品質. आता बेदाण्याच्या पेपरात दोन्ही गोष्टी असणारच, वाळताना वस्तुमान घटलं आणि क्वालिटी सुधारली, आणि नुसती लिपी बदलली तर तैवानच्या रिव्ह्यूअरला दिसतं की वस्तुमान घटलं आणि वस्तुमान सुधारलं. यात एकही अक्षर चुकलेलं नसतं, म्हणून प्रूफ वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज सुटतं.

टेबलाचं तर त्याहून वाईट. मेनलँडमध्ये 行 (हांग) म्हणजे आडवी ओळ आणि 列 (ल्ये) म्हणजे उभा कॉलम, तैवानमध्ये बरोब्बर उलटं! म्हणजे “तिसऱ्या कॉलममध्ये बघा” लिहिलंत तर तिकडचा माणूस तिसरी ओळ बघणार, तिथेही आकडे असणारच, मग त्याला वाटणार निष्कर्षच जुळत नाहीत.

त्यामुळे दोन्ही हवंच असेल तर माझं मत, आधी ट्रॅडिशनल करून घ्या. तिकडून सिम्प्लिफाइडकडे येताना बहुतेक वेळा अनेक अक्षरांचं एक होतं, अंदाज लावावा लागत नाही (乾隆 बादशहाच्या नावातलं 乾 तेवढं तसंच राहतं, असे थोडे अपवाद आहेत). शब्द मात्र दोन्ही दिशांना माणसानेच बदलायला हवेत, आणि तो त्या भागातला वाचक असावा.

चिनी येत नसेल तरी तैवानसाठीची फाइल आली की Ctrl+F करून 質量 आणि 列 शोधा, प्रत्येक जागी मूळ वाक्यात काय होतं ते लावून बघा. तैवानच्या कॉपीत एकही 品質 नसेल आणि तुमच्या पेपरात क्वालिटी दहा वेळा असेल, तर फक्त बटण दाबलंय असं समजून फाइल परत पाठवा.