‘व्हील’च्या नादात गेलेले 2,03,999 रुपये

मी एका साखर कारखान्यात हिशेबनीस आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले आणि स्वतःचा बुडवला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

शेअरचे ऑप्शन विकून कमाई शिकवणाऱ्या क्लासची फी 24,999. ‘दरमहा भाड्यासारखं उत्पन्न’ ही जाहिरात. पद्धत ऐकायला सोपी: चांगल्या शेअरचा खालच्या भावाचा पुट विकायचा, म्हणजे भाव पडला तरी ठरलेल्या भावाने, स्ट्राइकने, शेअर घ्यायची हमी द्यायची आणि त्या हमीचा प्रीमियम खिशात घालायचा. शेअर अंगावर आला तर डिलिव्हरी घ्यायची आणि त्यावर कॉल विकत बसायचं, म्हणजे भाव चढला तरी ठरलेल्या भावाने शेअर द्यायची हमी. कॉलमध्ये शेअर गेला की पुन्हा पुट. चाक फिरत राहतं, म्हणून नाव ‘व्हील’.

ऑक्टोबर 2024 मध्ये मी एका मोठ्या वाहन कंपनीचा 940 चा पुट विकला. शेअर तेव्हा 980 ला होता, एका लॉटमध्ये 500 शेअर. प्रीमियम 18 रुपये, म्हणजे 9,000. त्या दिवशी घरी पेढे आणले होते. एक्स्पायरीला, म्हणजे मुदत संपली त्या दिवशी, भाव 838. 4,70,000 रुपये भरून शेअर घ्यावे लागले. बाजारभावाने पहिल्याच महिन्यात 51,000 चा खड्डा, आणि हातात 9,000.

आता 940 चा कॉल विकायला गेलो तर मिळत होते जेमतेम 3 रुपये. शेअर जितका खाली जातो, तितका आपल्या खरेदीभावाचा कॉल कवडीमोल होतो. चाक इथेच रुततं, आणि हे क्लासमध्ये कोणी सांगत नाही. ‘सर’ म्हणाले, “स्ट्राइक खाली आणा, प्रीमियम भरपूर आहे.” नोव्हेंबरला 840 चा विकला, 12,000 आले. डिसेंबरला 800 चा, 10,000 आले. मग बाजाराने चार दिवस उसळी घेतली, एक्स्पायरीला भाव 825 होता आणि शेअर 800 ला गेले. शेअरमागे 140 रुपये, म्हणजे 70,000 चा तोटा मी स्वतःच्या हाताने पक्का केला. सगळे प्रीमियम धरूनही 39,000 गेलेच. पडझडीत घसरण पूर्ण आपली आणि उसळी दुसऱ्याची, असा हा सौदा आहे. खरेदीभावाखालचा कॉल विकू नका. विकायचाच असेल तर तोटा लिहून, सही करून विका.

पण माझे डोळे उघडायला हवे होते ते त्याआधीच, दुसऱ्या रविवारी. सरांनी पडद्यावर एक्सेल उघडलं. प्रीमियमचा रकाना हिरवागार, महिन्याला अडीच टक्के. शेजारी ‘हातातले शेअर’ असा रकाना होता आणि त्यात भाव होता खरेदीचा! मागे बसलेल्या एका बाईंनी विचारलंही, “शेअर पडला तर?” सर हसले. “ताई, तो तोटा कागदावरचा. शेअर आपल्याला घ्यायचाच होता ना?” सगळे हसले, मीही हसलो. दर 31 मार्चला मी साखरेचा साठा ‘उत्पादन खर्च किंवा बाजारभाव, यांत जे कमी ते’ या नियमाने लावतो. तोच मी! वर सगळी उदाहरणं 2023 ते सप्टेंबर 2024 ची, म्हणजे निव्वळ तेजीतली. कोणी असा तक्ता दाखवला तर एवढंच विचारा: आजच्या भावाने काय होतं?

आणि तरीही मी थांबलो नाही. मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडली, कारण सर म्हणाले, “दोन लॉट केलेत की भरून निघेल.” जानेवारीत 780 चे दोन पुट, 17,000 आले. एक्स्पायरीला भाव 715. 7,80,000 चे शेअर गळ्यात. फेब्रुवारीत शहाणपण आलं म्हणून 780 चाच कॉल विकला, त्याचे आले 3,000. 3 मार्च 2025 ला 620 ने सगळं विकून टाकलं. 1,60,000 चा तोटा, वजा 20,000. आधीचे 39,000 आणि फी धरून आकडा वर शीर्षकात आहे. ब्रोकरेज आणि कर वेगळे. पूर्ण रक्कम न ठेवता मार्जिनवर करणाऱ्यांचं काय झालं असेल? स्टॉक ऑप्शनमध्ये डिलिव्हरी सक्तीची आहे, पूर्ण रक्कम खात्यात नसेल तर पुट विकूच नका.

तक्रारीची कथा आणखी संतापजनक. ब्रोकर म्हणाला, ऑर्डर तुमची. सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर गेलो तर तिथे नोंदणीकृत संस्थांच्याच तक्रारी चालतात. सर नोंदणीकृत नाहीत, ते म्हणे ‘शिक्षक’. (फी भरण्याआधी सेबीच्या साइटवर नोंदणी क्रमांक शोधा, दोन मिनिटं लागतात. मी नाही लावली.) सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर त्यांनी विचारलं, “पैसे कोणाच्या खात्यात गेले?” म्हटलं, बाजारात. फोन संपला. पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर, दुसऱ्यांदा “सायबरला जा”, सायबरवाले म्हणाले “हद्दीतल्या ठाण्यात जा”. तिसऱ्यांदा एका हवालदारांनी अर्धा तास ऐकून घेतलं. पुट समजावला, कॉल समजावला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “काका, म्हणजे त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं की. शेअर मिळाले ना?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्रुपवर त्याच दुपारी सरांचा मेसेज आला होता: नवी बॅच, फी 29,999.