रंगाखाली लांबी, लांबीखाली गंज

‘रीकंडिशन केलेल्या’ म्हणून ज्या चार लोखंडी रिम मला विकण्यात आल्या, त्या माझ्याच जुन्या रिम होत्या. गंजाचे खड्डे लांबीने बुजवून, वरून जाड काळा रंग मारून त्या परत माझ्या गाडीला बसवल्या होत्या. जुनी गाडी वापरणाऱ्या कुणाच्याही बाबतीत हे होऊ शकतं, म्हणून सगळं नीट लिहितो.

चाकांतली हवा उतरत होती, पण पंक्चर सापडत नव्हतं. धडधाकट ट्यूबलेस टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा कमी होतेच, रबरातून ती झिरपते. माझी आठवड्यातच चार-पाच पीएसआय उतरायची, आणि सगळ्या चाकांची सारखी नाही. दुकानदाराने टायरवरून हात फिरवला, ‘रबर म्हातारं झालंय’ म्हणाला आणि नवे टायर बसवले. हवा उतरतच राहिली. दुसऱ्यांदा त्याने टायरच्या पोटात सीलंट ओतलं. ते द्रव खिळ्याने पडलेलं भोक बुजवण्यासाठी असतं. चाक फिरताना ते बाहेरच्या परिघाकडे, नक्षीच्या आतल्या बाजूला फेकलं जातं. रिमच्या कडेला गळती असेल तर तिथे ते पुरेसं पोहोचतच नाही. तिसऱ्या वेळी मात्र दुकानदार म्हणाला, ‘साहेब, दोष रिमचा आहे.’ हे खरं होतं. बहुधा पहिल्या दिवसापासून त्याला ते माहीत असावं, पण टायर आधी विकले तर रिम नंतर विकता येतात.

आता मुळात होतं काय ते सांगतो. टायरच्या आतल्या काठात तारेचा वेढा असतो, त्या काठाला बीड म्हणतात. रिमच्या दोन्ही कडांना आतून किंचित उतरती अशी एक पट्टी असते, तिच्यावर बीड दाबून बसते. ट्यूबलेस चाकात हवा अडवायला तेवढीच जागा असते, रबर आणि लोखंड एकमेकांना चिकटून. टायर काढता-घालताना पहारीने तिथला रंग खरवडला जातो. मग पाणी, चिखल, मीठ आत शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो, पोपडे धरतो आणि बीडला आत ढकलतो. पोपड्यांच्या मधल्या बारीक वाटांतून हवा निघते. गाडीत बसवलेल्या चाकाची आतली बाजू कुणी बघत नाही, आणि बऱ्याचदा गंज तिकडेच जास्त असतो.

ओळखायची रीत सोपी आहे. चाक उतरवा, गाडीच्या पुस्तकात दिलेली हवा भरा आणि साबणाचं दाट पाणी ब्रशने दोन्ही कडांना, व्हॉल्व्हच्या बुडाला आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला लावा. मग थांबा. खिळ्याच्या भोकातून एका जागी मोठे बुडबुडे येतात. गंजलेल्या कडेला मात्र वीतभर लांबीत बारीक पांढरा फेस साचत जातो, कधी कधी मिनिटभराने. तो फेस जिथे दिसेल तिथे टायरवर आणि रिमवर समोरासमोर खडूची खूण करा. टायर काढल्यावर त्या खुणेपाशी रिमवर गंज सापडला, तर दोष रिमचाच. ही तपासणी माझ्यासमोर एकदाही झाली नाही.

रिमचा दोष ‘सापडल्यावर’ दुकानदाराने दोन वाटा ठेवल्या. एक, टायरमध्ये ट्यूब घालायची. दोन, त्याच्याकडच्या रीकंडिशन रिम घ्यायच्या आणि जुन्या त्याला भंगारात द्यायच्या. ट्यूबला मी नकार दिला आणि तेवढं बरं झालं, कारण गंजाचे पोपडे ट्यूबला सतत घासतात आणि ट्यूब फाटली की हवा एका झटक्यात जाते. रिम घेतल्या. दिसायला सुरेख होत्या. हवा काही आठवडे टिकली, आणि मग एका चाकात पूर्वीपेक्षाही जोरात उतरायला लागली.

या वेळी चाक दुसरीकडे नेलं, एका वयस्कर मेकॅनिककाकांकडे. त्यांनी बीड सोडवली आणि टायर उचलला, तशी बीडला चिकटून रंगाची भाकरीच निघून आली. खाली करड्या रंगाची लांबी होती, गाडीचे पोचे बुजवायला वापरतात तीच. काका म्हणाले, ‘अहो, ही पत्र्यावर ठीक आहे. इथे टायर दर फेऱ्याला दाबतो आणि सोडतो, ही तडकणारच.’ त्यांनी छोटं चुंबक कडेवरून फिरवलं. चांगल्या जागी ते घट्ट चिकटायचं, लांबी जाड असेल तिथे सैल पडायचं किंवा सुटायचं. चारही रिमवर अशा जागा निघाल्या.

रिम माझ्याच आहेत हे कळलं ते शिक्क्यांवरून. लोखंडी रिमवर माप ठोकलेलं असतं, आणि बऱ्याच रिमवर बनवल्याचा महिना-वर्षही असतो. माप लक्षात राहावं म्हणून मी पूर्वी त्या शिक्क्यांचे फोटो काढले होते. रंग खरवडल्यावर तीच वर्षं निघाली, एका रिमवरचा शिक्का अर्धवट वाकडा ठोकलेला होता तोसुद्धा तसाच. मूळ दुकानदाराला फोटो दाखवले तेव्हा त्याने बिलाकडे बोट दाखवलं. बिलावर ‘रिम’ हा शब्दच नव्हता, ‘चाक काम’ एवढंच लिहिलं होतं. म्हणून रिम दुरुस्तीला किंवा बदलायला देण्याआधी शिक्क्यांचे फोटो काढा, आणि बिलावर काय साफ केलं, काय बदललं ते स्वच्छ लिहून घ्या. रीकंडिशन रिम घ्यायची असेल तर रंग मारण्याआधीचं उघडं लोखंड बघायला मागा. टाळाटाळ झाली तर कडेवरून चुंबक फिरवा.

काकांनी पुढे जे केलं ते मी शेजारी उभं राहून पाहिलं. आधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडलेली होतीच, टायर दोन्ही बाजूंनी उतरवलेले होते. लांबी आणि सुटे पोपडे खरवडून काढले. मग ड्रिलला लावलेल्या तारेच्या गोल ब्रशने बैठकीची पूर्ण पट्टी घासली, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क लावून, कारण ब्रशच्या तारा तुटून उडतात. ग्राइंडरची कापायची किंवा घासायची चकती त्यांनी इथे लावू दिली नाही. ती गंजाबरोबर चांगलं लोखंडही खाते आणि बैठकीला खळगे पाडते, म्हणजे गळतीची नवी वाट. तारेनंतर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, मग एकशेवीसचा, परिघाच्या दिशेने. आडवे ओरखडे राहिले तर हवा त्यांच्यातूनच बाहेर पडते.

उघडं लोखंड दिसल्यावर निवाडा झाला. दोन रिमवर काळपट डाग आणि उथळ ठिपके होते, नख फिरवलं तर जेमतेम जाणवतील असे. त्या वाचण्यासारख्या होत्या. तिसऱ्या रिमला आतल्या बाजूच्या बैठकीवर, जोडाच्या वेल्डिंगजवळ, नख ठेचून थांबेल अशा खोल खड्ड्यांची रांग होती. चौथ्या रिमची बाहेरची कड एका जागी कागदासारखी पातळ झाली होती. या दोन्ही बाद. वेल्डिंग भरून कड उभारायची कल्पना मी मांडली, ती काकांनी झटकून टाकली. तिथे उष्णतेने रिम वाकते, आणि भरलेला भाग वळणाच्या जोराखाली तडकला तर हवा झिरपत नाही, टायर सुटतो. नटांच्या भोकांभोवती केसाएवढी जरी चीर दिसली, तरी ती रिम बादच धरायची.

वाचलेल्या दोन रिमच्या ठिपक्यांवर फॉस्फोरिक अॅसिडचं गंजरोधक लावलं. ते उरलेला गंज काळ्या घट्ट थरात बदलतं. डबीवर दिलेला वेळ थांबून त्या पुसल्या, वाळवल्या. मग प्रायमरचा एक पातळ थर आणि रंगाचा एक पातळ थर दिला. थर पातळ ठेवण्यामागे कारण आहे. जाड रंग बीड बसताना घासून गोळा होतो आणि पुन्हा पोपडे धरतो. रंग पूर्ण कडक व्हायला रात्रभर तरी द्यावा लागतो. घाई केली तर टायर रंगाला चिकटतो आणि पुढच्या वेळी रंग सोबत घेऊनच निघतो. गाडीच्या हबला टेकणाऱ्या मधल्या भागावर आणि नटांच्या बैठकीवर काकांनी रंग जाऊच दिला नाही, कारण तिथला रंग दबला की नट सैल होतात.

टायरच्या बीडवर जुन्या गंजाचा तपकिरी थर चिकटलेला असतो, तोही ओल्या खरखरीत फडक्याने काढावा लागतो. तिथे तारेचा ब्रश नको. नवा रबरी व्हॉल्व्ह घातला, बीडला टायर बसवण्याची साबणी पेस्ट लावली. तेल किंवा ग्रीस रबर खराब करतं आणि टायर रिमवर घसरतो, म्हणून ते नाही. बीड सीलर म्हणून जे काळं चिकट द्रव मिळतं ते स्वच्छ लोखंडावर उथळ ठिपक्यांपुरतं चालतं. गंजावर फासलं तर त्याला पकड मिळत नाही. हवा भरताना काका बाजूला उभे राहिले आणि चाळीस पीएसआयच्या वर जाऊ दिलं नाही. तेवढ्यातही बीड ‘टक’ करून जागेवर बसली नाही, तर हवा सोडून पुन्हा पेस्ट लावायची, दाब वाढवत बसायचं नाही.

बाद दोन रिमच्या जागी दुसऱ्या आणल्या. जुळवायच्या गोष्टी म्हणजे व्यास, रुंदी, नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट आणि सोसायचं वजन. व्यास आणि रुंदी रिमवर ‘5J x 13’ अशा रीतीने ठोकलेली असतात, दोन्ही इंचांत. ऑफसेट ET या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये असतो, तो चुकला की चाक आत किंवा बाहेर सरकतं आणि कुठेतरी घासतं. खूप जुन्या गाडीच्या रिमवर बीडच्या आतल्या बाजूचा उंचवटा नसेल, तर ती रिम ट्यूबच्या टायरसाठीच बनवलेली आहे, तिच्यावर ट्यूबलेस चालवू नये. आणि रिम दोन-तीन तुकड्यांची, रिंग अडकवलेली असेल, तर तिला घरी हातही लावू नका. गंजलेली रिंग हवा भरताना सुटली तर जीव जातो.

चाकं बसवल्यावर नट टॉर्क पान्याने गाडीच्या पुस्तकातल्या मापाला आवळले, आणि शंभर किलोमीटरच्या आत पुन्हा तपासले. हवा मी आता सकाळी, गाडी हलवण्याआधी, टायर थंड असताना मोजतो आणि आकडा लिहून ठेवतो. साफ केलेल्या दोन्ही रिममध्ये महिन्याला एखादाच पीएसआय कमी होतो.